लग्नाच्या पाकिटात किती घालावं? आधी आहेराची वही उघडा

रमजान ईद झाली की आमच्या घरात दाराजवळच्या खिळ्याला लग्नपत्रिका अडकू लागतात. शव्वालचा महिना आणि शाळांची उन्हाळी सुट्टी जवळ आली, तर एका महिन्यात पाच-सहा निकाह आणि तितकेच वलीमे ठरलेले. पत्रिका हातात आल्यावर पहिला प्रश्न तारखेचा असतो, दुसरा कोण कोण जाणार याचा, आणि तिसरा हळू आवाजात, बहुतेक स्वयंपाकघरात विचारला जातो: "पाकिटात किती घालायचे?"

कुणी त्याला आहेर म्हणतं, कुणी न्योता, कुणी सलामी. उत्तर बहुतेक घरांत अंदाजानेच दिलं जातं. "शेजारचे किती घालणार?" असं विचारून, किंवा निघताना पाकिटाला गोंद लावता लावता. आम्हीही बरीच वर्षं असंच करत होतो. मग एकदा चूक झाली आणि ती अंगाशी आली. तेव्हापासून आम्ही रक्कम कशी ठरवतो, ते इथे लिहितो आहोत. आकडे आमच्यासारख्या, तालुक्याच्या गावात एका पगारावर चालणाऱ्या घराचे आहेत. मुंबई-पुण्यात ते वाढतील, खेड्यात कमी होतील, पण रीत तीच राहील.

वही काय सांगते

आपल्याकडे प्रत्येक लग्नात आहेराच्या टेबलाशी एक वही असते. अक्षर बरं असलेला घरातला एखादा पोरगा तिथे बसतो आणि नाव, गाव, रक्कम लिहून घेतो. काही खेड्यांत पूर्वी आहेर कर्ण्यावर पुकारला जायचा. आता तो प्रकार बराच कमी झाला आहे आणि ते बरंच झालं. लग्न उरकलं की वही कपाटात जाते. ती पुन्हा निघते ती दुसऱ्याची पत्रिका आल्यावर.

वहीत "कराड, ५०१, एक साडी" असं लिहिलेलं असतं तेव्हा ती नुसती आठवण नसते. त्या घराने आपल्या अडचणीच्या दिवशी, म्हणजे मांडववाला आणि भटारी पैशासाठी दारात उभे असताना, आपल्याला पाचशे एक रुपये दिले होते, असा त्याचा अर्थ. आता त्या घरी कार्य आहे. म्हणून सुरुवात वहीपासून करायची. आपल्या खिशापासून किंवा शेजाऱ्याच्या पाकिटापासून नाही.

हे पैसे भेट की कर्ज, हा प्रश्न जुना आहे. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांच्या ग्रंथात लग्नात पाठवलेल्या वस्तूंबद्दल नेमका हाच प्रश्न येतो. उत्तराचं सार असं की ते त्या लोकांच्या उर्फवर, म्हणजे रूढीवर अवलंबून आहे. ज्या समाजात परत येईल या हिशेबानेच दिलं जातं तिथे ते कर्जासारखं फेडावं लागतं. जिथे रूढीने भेट समजलं जातं तिथे ती भेट. आपल्याकडे भारतात मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांनी न्योत्याच्या रिवाजावर टीका केली तीही यावरच: नाव भेटीचं, वागणूक कर्जाची, आणि हे कर्ज घेणाऱ्याने मागितलेलंही नसतं. कुरआनात सूरह रूमच्या ३९ व्या आयतीत लोकांच्या मालात जाऊन वाढावं म्हणून दिलेल्या पैशाचा उल्लेख आहे. अनेक मुफस्सिरांनी त्याचा अर्थ जास्त परत मिळावं या आशेने दिलेली भेट असाही घेतला आहे.

आता आपापल्या घरात काय चालतं ते प्रामाणिकपणे पाहा. वही ठेवतो, परतफेड झाली की त्या ओळीवर रेघ मारतो, कुणी कमी दिलं तर बोलतो. मग आपल्या पाकिटातला बराचसा भाग भेट नसून देणं आहे, हे मान्य करूनच हिशेब करावा. देणं पूर्ण फेडायचं. त्याच्या वर जे घालाल ते मात्र समोरच्याच्या डोक्यावर नवं देणं म्हणून बसतं. आमची चूक इथेच झाली होती.

आमची चूक

आमच्या एका चुलत चाचांनी आमच्या निकाहात, २००८ साली, २५१ रुपये दिले होते. चाचा रिक्षा चालवायचे. २०१६ मध्ये त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न निघालं. आमची नोकरी तोवर पक्की झाली होती, चाचांची ओढाताण दिसत होती, म्हणून आम्ही प्रेमाने ५,००१ घातले. वहीत आमचं नाव सगळ्यात वर लागलं. आम्हालाही त्याचं बरं वाटलं, ते नाकारत नाही.

दोन वर्षांनी आमच्या धाकट्या भावाचं लग्न. चाचा आले नाहीत. त्यांचा मुलगा एक साडी घेऊन आला, टेबलावर ठेवली आणि दस्तरखानावर न बसताच निघून गेला. चाचा रुसले की काय, असं अब्बांना वाटलं. खरी गोष्ट चाचींकडून वर्षभराने कळली. ते पाच हजार जमवत होते. दोन हजारांपर्यंत आले, मग रिक्षाचं काम निघालं. "एवढं खाऊन दोन हजार घेऊन कसं जायचं," म्हणून गेलेच नाहीत.

चाचांना मदत करायची होती, तर ती करण्याची जागा आहेराचं टेबल नव्हती. २५१ चे आठ वर्षांत फार तर पाचशे झाले असते. ५०१ पाकिटात घातले असते तर ते शोभलंही असतं आणि चाचांना पुढे सहज परतही करता आलं असतं. बाकीचे साडेचार हजार लग्नाच्या पंधरा दिवस आधी अम्मीने चाचींच्या हातात गुपचूप द्यायचे होते, मांडववाल्याची इसार द्यायची असते तेव्हा. तिथे वही नसते, पुकारा नसतो आणि परतफेडीचा प्रश्नही नसतो.

आता आमच्या घरात हे दोन पैसे कधी एकत्र होत नाहीत. वहीतलं वहीत, मदतीचं वहीबाहेर. जकातीची रक्कम तर आहेराच्या पाकिटात घालूच नये. जे पैसे परत येतील अशी आपली अपेक्षा आहे, ती जकात कशी होईल? ती द्यायचीच असेल तर हकदार कोण हे आपल्या मौलानांना विचारून वेगळी द्यावी.

जुन्या रकमेचे आज किती?

वहीतला आकडा जसाच्या तसा परत करणं म्हणजे कमी परत करणं. सरकारच्या किंमत निर्देशांकाप्रमाणे २०१२ ते २०२४ या बारा वर्षांत सर्वसाधारण किमती जवळजवळ दुप्पट झाल्या. आम्ही शाळेत शिकवतो तो बहात्तरचा नियमही हेच सांगतो: सहा टक्के महागाई धरली तर ७२ भागिले ६, म्हणजे बारा वर्षांत दुप्पट. तेव्हा घरगुती हिशेब सोपा ठेवा. बारा वर्षांपूर्वीची रक्कम दुप्पट, सहा वर्षांपूर्वीची साधारण दीडपट, दोन-तीन वर्षांपूर्वीची तेवढीच, वाटल्यास पुढच्या आकड्यावर नेऊन. यात व्याज वगैरे काही नाही. तेव्हा त्या पैशात जेवढं येत होतं, तेवढं आज यावं इतकंच.

सोन्याला हा हिशेब चालत नाही. २०१४ च्या आसपास दहा ग्रॅम सोनं अठ्ठावीस हजारांच्या घरात होतं, २०२४ मध्ये ते सत्तर हजारांच्या वर गेलं. कुणी एक ग्रॅमची अंगठी घातली असेल तर ती किमतीने दुप्पटीच्याही पुढे गेली आहे, आणि परत करणाऱ्या घराचा पगार काही तितका वाढलेला नसतो. म्हणून सोनं फक्त अगदी सख्ख्यांत, आणि तेही दोन्ही घरं तोलामोलाची असतील तरच. इतरांना सोनं घालणं म्हणजे त्यांना पुढच्या पिढीपर्यंत अडकवणं.

शेवटचा एक रुपया घालायचा की नाही यावर घराघरांत वाद आहे. ५०१ कुणाला शुभ वाटतं, कुणाला ही आपली रीत नाही असं वाटतं, कुणी सरळ ५०० घालतं. शरीअतचं त्यात काही बंधन नाही. आम्ही घालतो, कारण अम्मीला बरं वाटतं आणि दुकानात मिळणाऱ्या पाकिटावर नाणं चिकटवलेलंच असतं.

नातं, अंतर आणि चूल

वहीत नाव नसेल, म्हणजे पहिल्यांदाच देवाणघेवाण होत असेल, तर नात्यावरून ठरवावं लागतं. आमच्याकडे मोहल्ल्यातलं तोंडओळखीचं घर असेल तर २०१, शाळेतले सहकारी आणि अब्बांचे जुने स्नेही ५०१, चुलत-मामे-खाला-फुफीची मुलं १,१०१ च्या आसपास, आणि सख्खी भाचरं-पुतणी यांचं वेगळं. तिथे मामूचा आहेर कपड्यांसकट असतो, आणि तो सगळ्या मामूंनी एकत्र बसून ठरवायचा असतो. एका मामूने फ्रिज दिला आणि दुसऱ्याने साडी, हे दृश्य आम्ही पाहिलं आहे. त्या दोन भावांच्या बायका आजही एकमेकींशी तुटक बोलतात.

नात्याचं नाव आणि नात्याचा वावर यांत मात्र फरक करा. सख्खा चुलतभाऊ पाच वर्षांत एकदा भेटत नाही आणि मोहल्ल्यातला एखादा शेजारी रात्री दोन वाजता अब्बांना दवाखान्यात नेतो. मय्यतीला कोण आलं होतं, हे आठवून पाहिलं की बरंच कळतं. आम्ही अशा घरासाठी एक पायरी वर जातो: ५०१ चे १,१०१. दोन पायऱ्या नाही.

अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं जातं. चार माणसं घेऊन रत्नागिरीहून सोलापूरला लग्नाला जाणाऱ्याचा खर्च त्याच्या पाकिटापेक्षा मोठा असतो, आणि समजदार यजमान त्याचं येणंच वहीत लिहितो. तेव्हा लांबून जाणाऱ्याने प्रवासासाठी कर्ज काढून पाकीट जड करू नये. ठरलेल्या रकमेपेक्षा थोडं कमी चालतं. जवळ राहून सहकुटुंब सहा जण जेवायला जाणाऱ्याने मात्र ताटांचा विचार करावा. रक्कम कमी असेल तर दोघांनीच जावं, त्यात कमीपणा नाही. आणि जो येऊच शकत नाही त्याने पूर्ण रक्कम पाठवावी, कारण त्याचा प्रवासखर्च वाचला आहे.

कोकणात आखातातल्या माणसाकडून जास्त अपेक्षा ठेवतात, हा वेगळाच त्रास. तिथे नोकरी करणारा मुलगा सुट्टीवर आला की महिन्याभरात दहा पत्रिका हातात पडतात आणि प्रत्येकाच्या मनात दिरहम असतात. त्यानेही नात्याचाच आकडा धरावा. त्याने चढवलेला आकडा गावात राहिलेल्या त्याच्या भावाला पुढे जन्मभर चालवावा लागतो.

चुलीचा मुद्दा सगळ्यात जास्त घोटाळे करतो. एकत्र कुटुंब असताना अब्बांच्या नावाने एकच पाकीट जातं. पुढे तिघे भाऊ वेगळे होतात. मग वहीतल्या त्या एका ओळीची परतफेड कुणी करायची? आमच्याकडची रीत अशी: चूल वेगळी झाली की पाकीट वेगळं, पण जुनं देणं एकदाच फेडायचं, सगळ्यांनी मिळून. अब्बा-अम्मी ज्याच्याकडे राहतात त्याच्या पाकिटात ते जातं आणि बाकीचे आपापलं लहान पाकीट देतात. उलट बाजूनेही हे लक्षात ठेवावं. ज्या घराने आपल्याला एक पाकीट दिलं, त्या घरात आज चार पत्रिका निघाल्या तर चारही वेळा जुनी परतफेड करावी लागत नाही.

कराडच्या मामूंचा हिशेब

गेल्या मोसमातलं एक उदाहरण पूर्ण मांडतो. अम्मीच्या मामेभावाच्या, म्हणजे आमच्या कराडच्या मामूंच्या मुलीचा निकाह होता. वही काढली. २०१२ साली आमच्या बहिणीच्या लग्नात त्यांनी ५०१ आणि एक साडी दिली होती. रक्कम दुप्पट केली: एक हजार. साडीला साडी, अम्मीने बाजारात जाऊन सातशेची घेतली. एवढं देणं झालं.

मग नातं पाहिलं. अब्बा गेले तेव्हा मामू तीन दिवस आमच्याकडे राहिले होते. एक पायरी वर जावं असं वाटलं. अंतर म्हणाल तर सांगलीहून कराड, सकाळी निघून संध्याकाळी घरी, त्यामुळे कमी करण्याचं कारण नव्हतं. चूल पाहिली. २०१२ मध्ये आम्ही दोघे भाऊ एकत्र होतो. आता धाकटा पुण्याला. त्याला फोन केला. ठरलं असं की अम्मी आमच्याकडे आहे, म्हणून १,१०१ आणि साडी आमच्या पाकिटातून, आणि धाकट्याने त्याच्या नावाने ५०१. दोन्ही मिळून १,६०२. वर जायची पायरी अशी धाकट्याच्या पाकिटातून आपोआपच आली.

शेवटी उलटा हिशेब केला. आता हा आम्ही कधीच चुकवत नाही. मामूंचं शिलाईचं लहान दुकान आहे. आमची मुलगी आठवीत. दहा-बारा वर्षांनी तिच्या लग्नात मामूंना हे परत करायचं झालं, तर आमच्या ओळीचे साधारण बावीसशे होतील आणि एक साडी. मामूंना ते जमेल का? जमेल. मग आकडा बरोबर आहे. उत्तर "ओढाताण होईल" असं आलं असतं तर आम्ही आकडा खाली आणला असता आणि उरलेलं अम्मीकडून आधीच मामींना पोचवलं असतं.

आपल्या आकड्याने कुणाला जड गेलं आहे, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. माणूस स्वतः न येता पोराच्या हाती पाकीट पाठवतो. आला तर जेवण्याआधी निघतो. किंवा लग्नाच्या आधी तिसऱ्याकडून चौकशी करतो, "मास्तरांच्या घरी किती घालावे लागतील?" असं कानावर आलं तर गप्प बसू नये. आम्ही सरळ फोन करून सांगतो, "तुम्ही या, पाकीट विसरा." हे जमायला वेळ लागतो, पण जमतं.

पाकीट भरताना

घाईत नाव लिहून, चिकटवून, आत पैसे घालायचेच राहिले, असं दर लग्नात एक तरी पाकीट निघतं. कोरं पाकीट उघडणाऱ्या घरालाही अवघड होतं, विचारावं कसं? म्हणून आत झाकणाच्या कडेला पेन्सिलीने रक्कम लिहून ठेवावी. बाहेर नुसतं "शेख परिवार" लिहू नका. एका लग्नात आठ शेख परिवार असतात. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव आणि मोहल्ला लिहा. दुसऱ्याच्या हाती पाठवलं तर त्याच रात्री यजमानांना कळवा. फोनवरून रक्कम पाठवली तर संदेशात "आहेर" आणि आपलं नाव टाका, कारण बायकोच्या किंवा मुलाच्या खात्यावरून गेलेले पैसे वहीत भलत्याच नावावर चढतात.

पैसे कुणासाठी आहेत हेही लिहायला हरकत नाही. आपल्याकडच्या रूढीत रोख रक्कम बहुधा कार्य करणाऱ्या घराकडे, खर्चात जाते. तुम्हाला ती मुलीच्याच हातात पडायला हवी असेल तर पाकिटावर मुलीचं नाव लिहा आणि वहीवाल्याकडे न देता तिच्याकडे द्या.

आमच्या वहीत आता दोन रकाने जास्त आहेत. एक, आहेर आला तेव्हा त्या घराची चूल एक होती की वेगळी. दुसरा, परतफेड कधी केली त्याची तारीख. अम्मीला हे सगळं तोंडपाठ आहे, पण अम्मी आता सत्तरीच्या पुढे आहे.

राहता राहिली "आपल्या दुआ हाच आहेर" असं छापलेली पत्रिका. ज्यांनी छापलं त्यांनी खरंच ठरवलेलं असतं, तेव्हा टेबल शोधत फिरू नये आणि नवरदेवाच्या खिशात कोंबूही नये. त्या घरचं जुनं देणं वहीत असेल तर ती ओळ तशीच राहू द्या. त्यांच्या घरी नातवंड होईल, कुणी हजला जाईल, घर बांधायला निघेल. तेव्हा जाऊन द्या.